अडकलेला रिफंड आणि 26 नोव्हेंबर ही तारीख

पुण्यातल्या एका लहान हातमाग दुकानाच्या ऑनलाइन विक्रीचा पत्रव्यवहार मी सांभाळते. 2024 च्या दिवाळीनंतर नाशिकच्या एका ग्राहक ताईंनी परत पाठवलेल्या साडीचे पैसे वाटेत कुठेतरी अडकले. ते नेमके कुठे अडकले आहेत हे शोधून काढणे आणि त्यांना निश्चित तारखेसह उत्तर लिहिणे हे काम माझ्याकडे आले. अशा उत्तराचा उपयोगी पडेल असा नमुना मला त्या वेळी कुठे मिळाला नाही, म्हणून घडले ते क्रमाने आणि तपशिलासह लिहून ठेवत आहे.

ताईंनी सुनेच्या पहिल्या दिवाळीसाठी नारायणपेठी साडी मागवली होती. साडीचे 3,150 आणि पाठवणीचे 90 मिळून 3,240 रुपये त्यांनी यूपीआयने भरले. 24 ऑक्टोबरला पार्सल पोहोचले आणि 26 ऑक्टोबरला पदरावर दोष असल्याची तक्रार फोटोंसह आली. कुरियरचा माणूस 29 ऑक्टोबरला, म्हणजे धनत्रयोदशीच्या दिवशी, पार्सल घेऊन गेला. पुढे लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज अशा सलग सुट्ट्या लागल्याने ते 5 नोव्हेंबरला आमच्या गोदामात आले. दुसऱ्या दिवशी आम्ही साडी टेबलावर उलगडून ट्यूबलाइटसमोर धरली. पदराच्या काठाला लागून ताण्याचे दोन धागे तुटलेले होते आणि विणीत वीतभर लांबीची बारीक फट स्पष्ट दिसत होती. लेबल जागेवर होते आणि साडी नेसल्याची कोणतीही खूण नव्हती. तपासणीच्या नोंदवहीत तसे लिहिले, रक्कम ग्राहकाला परत देय असल्याची क्रेडिट नोट काढली आणि 7 नोव्हेंबरला पेमेंट गेटवेवरून, म्हणजे ग्राहक आणि दुकान यांच्यात ऑनलाइन पैशांची देवघेव करणाऱ्या सेवेवरून, पूर्ण 3,240 रुपयांचा रिफंड सुरू केला. दोष मालाचा असल्याने पाठवणीचे 90 रुपयेही परत करायचे होते. परतीच्या कुरियरचे 110 रुपये दुकानानेच सोसले, आणि मूळ व्यवहारावर गेटवेने कापलेले शुल्क, जीएसटीसह सुमारे 76 रुपये, रिफंड केला तरी आम्हाला परत मिळत नाही. ही रक्कम ग्राहकाच्या परताव्यातून वजा करण्याचा मोह काही दुकानांना होतो, पण सदोष मालाच्या बाबतीत तो भार विक्रेत्याचाच आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

रिफंड सुरू झाला की ग्राहकाला एक ठरावीक संदेश आपोआप जातो: पैसे पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत जमा होतील. हे सात दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे आणि त्यांत कोणते दिवस धरायचे नाहीत, हे त्या संदेशात नसते. ताई ते 29 ऑक्टोबरपासून, म्हणजे कुरियरचा माणूस पार्सल घेऊन गेला त्या दिवसापासून मोजत होत्या, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तसेच मोजले असते. 13 नोव्हेंबरला त्यांचे पहिले पत्र आले. त्याच दिवशी आम्ही तक्रार क्रमांकासह पोच दिली. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि तक्रारीचे निवारण एका महिन्यात करावे लागते. ही मुदत कायद्याने घातलेली बाहेरची सीमा आहे. आतले उत्तर त्याच्या पुष्कळ आधी गेले पाहिजे.

हिशेब 7 नोव्हेंबरपासून केला तर पुढे 9 तारखेला दुसरा शनिवार, 10 ला रविवार, 15 ला गुरू नानक जयंती आणि 17 ला पुन्हा रविवार येत होता. त्यामुळे सातवा कामकाजाचा दिवस 18 नोव्हेंबर, सोमवार हा पडत होता. 18 च्या संध्याकाळी ताईंचे दुसरे पत्र आले. त्यात रागाचा एकही शब्द नव्हता. फक्त एवढेच विचारले होते की पैसे येणार नसतील तर तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे रोज बँकेचा संदेश पाहत बसावे लागणार नाही. ते वाक्य वाचून मला फार वाईट वाटले. शिवीगाळीच्या पत्राला उत्तर देणे त्यापेक्षा सोपे असते.

मंगळवारी, 19 नोव्हेंबरला सकाळी मी पहिल्यांदा गेटवेचे पान उघडून पाहिले. तिथे या रिफंडसमोर ‘प्रोसेस्ड’ असे लिहिलेले होते. या कामात नवीन असणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. या शेऱ्याचा अर्थ एवढाच असतो की गेटवेने पैसे आपल्याकडून बँकेच्या दिशेने रवाना केले. ते ग्राहकाच्या खात्यात जमा झाले असा त्याचा अर्थ होत नाही. ‘आमच्याकडून रिफंड झालेला आहे, कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधावा’ असे उत्तर अनेक ठिकाणांहून याच शेऱ्याच्या आधारे पाठवले जाते, आणि ग्राहक हातात काहीही नसताना बँकेच्या दारात जाऊन उभा राहतो. त्याच्या हातात निदान संदर्भ क्रमांक तरी हवा. यूपीआयच्या व्यवहाराला बारा अंकी आरआरएन असतो, कार्डाच्या रिफंडला तेवीस अंकी एआरएन असतो. या क्रमांकावरून बँकेतला माणूस त्या एका व्यवहाराचा माग काढू शकतो. नुसती रक्कम आणि तारीख सांगून त्याला फारसे काही करता येत नाही.

मी रिफंडचा आरआरएन काढून घेतला आणि पत्र लिहिण्याआधी ताईंना फोन केला. शेवटचे चार अंक सोडून त्यांचा खाते क्रमांकही मला माहीत नव्हता आणि विचारायचाही नव्हता. पैसे भरले ते खाते आज चालू आहे का, एवढेच मी विचारले. उत्तर ऐकून सगळा उलगडा झाला. ताई निवृत्त शिक्षिका. नुकत्याच मुलाकडे राहायला आल्याने त्यांनी घराजवळच्या बँकेत नवे खाते उघडले होते आणि जुने खाते ऑक्टोबरअखेर बंद केले होते. साडीचे पैसे त्या जुन्या खात्यातून गेले होते.

“अहो, पण माझे ॲप तेच आहे, मोबाइल नंबरही तोच आहे. मग पैसे दुसरीकडे कसे जातील?” त्यांनी विचारले.

प्रश्न अगदी रास्त होता. आपण पैसे ॲपमधून देतो असे आपल्याला वाटते, पण ॲप हे केवळ साधन आहे. पैसे निघतात ते बँक खात्यातून, आणि रिफंड ज्या खात्यातून रक्कम निघाली त्याच खात्याकडे पाठवला जातो. ते खाते बंद असेल तर ती बँक रक्कम स्वीकारत नाही आणि ती आल्या वाटेने परत फिरते. परत फिरण्याच्या या प्रवासाला किती दिवस लागतील हे ना दुकानाच्या हातात असते ना ग्राहकाच्या. त्यात 20 नोव्हेंबरला, बुधवारी, विधानसभेचे मतदान असल्याने राज्यात सुट्टी होती आणि 23 ला चौथा शनिवार होता. 19 च्या दुपारीच मी गेटवेला लेखी विचारणा केली: या आरआरएनची रक्कम खात्यात जमा झाली आहे, नाकारली गेली आहे, की अजून मार्गात आहे? प्रश्न असा तीन पर्यायांत विचारला की उत्तरही नेमके येते, हा माझा अनुभव आहे. ताईंना त्याच संध्याकाळी दोन ओळी पाठवल्या की कारण सापडले आहे आणि गुरुवारी, 21 तारखेला दुपारी चारपर्यंत पूर्ण उत्तर देईन.

आता खरा प्रश्न तारखेचा होता. गेटवेचे उत्तर कधी येईल, बँक रक्कम कधी परत फिरवील, ती आमच्या शिलकेत कधी दिसेल, यांपैकी एकही गोष्ट माझ्या ताब्यात नव्हती. त्यावर बेतलेली कोणतीही तारीख हा फक्त अंदाज ठरला असता. दुसरीकडे, जुनी रक्कम परत येण्याची वाट न पाहता आम्ही आमच्या खात्यातून पैसे पाठवले आणि पहिली रक्कमही कुठेतरी जमा झाली, तर दुकानाचे 3,240 रुपये दोनदा जाण्याचा धोका होता. आमच्या हिशेबनिसांचे म्हणणे होते की गेटवेचे लेखी उत्तर हाती आल्याशिवाय दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

गुरुवारी सकाळी मी मालकीणबाईंशी फोनवर बोलले. त्या सोमवारपर्यंत बाहेरगावी होत्या. खाते बंद असल्याचे ग्राहकाने स्वतः सांगितले आहे, साडी आपल्या ताब्यात आहे, दोष नोंदवलेला आहे, आणि रक्कम दोनदा जाण्याची शक्यता फार कमी आहे, हे मी त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “त्यांचे पैसे आपल्याकडे अडकलेत, तर धोकाही आपणच घ्यायचा. तारीख दे, पण पाळता येईल अशीच दे.”

मग मी मागून पुढे हिशेब केला. बँकेच्या नेट बँकिंगमध्ये नवे खाते जोडले की काही तास मोठी रक्कम पाठवता येत नाही. आमच्याकडे एवढ्या रकमेचा व्यवहार हिशेबनीस भरतात आणि मालकीणबाई मंजूर करतात. त्यांना ते काम सोमवारी करता येणार होते. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे चौथा शनिवार आड येत नव्हता. दर अर्ध्या तासाने एक खेप सुटते आणि त्यानंतर दोन तासांत रक्कम जमा करण्याचे किंवा परत पाठवण्याचे बंधन बँकेवर असते. याप्रमाणे सोमवारी, 25 तारखेला पैसे निघू शकत होते. काही अडले तर हाती असावा म्हणून एक दिवस राखून ठेवला आणि मंगळवार, 26 नोव्हेंबर ही तारीख ठरवली. राखीव दिवस आपल्या मनात ठेवायचा असतो. ‘25 किंवा 26’ असे लिहिले तर ग्राहक 25 हीच तारीख धरून बसतो, आणि ते स्वाभाविकच आहे.

गुरुवारी दुपारी पाठवलेले पत्र असे होते:

“सप्रेम नमस्कार.

आपण परत केलेल्या नारायणपेठी साडीचे 3,240 रुपये (साडी 3,150 आणि पाठवणी 90) मंगळवार, 26 नोव्हेंबर 2024 रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत आपल्या सध्याच्या बँक खात्यात जमा होतील. या विलंबामुळे आपल्याला जो त्रास झाला त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

साडी आम्हाला 5 नोव्हेंबर रोजी मिळाली आणि 6 रोजी तपासणीत पदरावरील दोष आढळला. 7 रोजी आम्ही पूर्ण रकमेचा रिफंड आपण पैसे भरले होते त्या खात्याकडे पाठवला. ते खाते बंद झाल्याचे आपण सांगितले आहे. त्यामुळे ती रक्कम तिथे जमा झालेली नसावी. त्या व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक सोबत दिला आहे. त्यासाठी आपल्याला जुन्या बँकेत जाण्याची गरज नाही. ती चौकशी आम्ही करीत आहोत.

ती रक्कम आमच्याकडे परत येण्याची वाट न पाहता आम्ही आपले पैसे दुकानाच्या खात्यातून एनईएफटीने पाठवीत आहोत. त्यासाठी नव्या खात्याच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा किंवा रद्द केलेल्या धनादेशाचा फोटो कृपया शुक्रवार, 22 नोव्हेंबरच्या सायंकाळपर्यंत याच ईमेलवर पाठवावा. फोटो त्यानंतर मिळाला, तर मिळाल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत पैसे जमा होतील.

खाते बरोबर असल्याची खात्री करण्यासाठी शनिवारी आधी 1 रुपया येईल. उरलेले 3,239 रुपये त्यानंतर येतील. पैसे मिळण्यासाठी ओटीपी, यूपीआय पिन किंवा कार्डाचा क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. आमच्या नावाने कोणी तो मागितल्यास देऊ नये.

पैसे पाठवताच त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, म्हणजे यूटीआर, आपल्याला कळवू. 26 रोजी सायंकाळी पाचपर्यंत रक्कम दिसली नाही, तर कृपया खालील क्रमांकावर मला थेट फोन करावा. मी स्वतः तो फोन घेईन. पूर्वीची रक्कमही आपल्या कोणत्याही खात्यात जमा झाल्याचे आढळल्यास कृपया कळवावे.”

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी त्याचे दोन मसुदे बाजूला ठेवले होते. पहिल्यात सुरुवातीलाच गेटवे, बँक आणि यूपीआय यांची व्यवस्था समजावलेली होती आणि तारीख शेवटच्या परिच्छेदात होती. पैसे अडकलेला माणूस पत्रात आधी तारीख आणि रक्कम शोधतो. ती सापडेपर्यंत बाकीचे त्याच्या डोक्यात शिरत नाही. दुसऱ्या मसुद्यात ‘लवकरात लवकर’ आणि ‘शक्य तितक्या तत्परतेने’ असे शब्द होते, ते काढले, कारण त्यांवरून कोणाला काहीच मोजता येत नाही. ग्राहकाने करायची गोष्ट मात्र एकच ठेवली आणि तिलाही मुदत घातली. ही मुदत घातली नसती, तर फोटो सोमवारी रात्री आला असता तरी 26 ची तारीख आमच्यावर बंधनकारक राहिली असती आणि ती पाळता आली नसती.

ओटीपीची सूचना मी मुद्दाम घातली. रिफंड अडकलेली माणसे इंटरनेटवर दुकानाचा फोन नंबर शोधतात आणि तिथे ग्राहक सेवा म्हणून लावलेल्या भामट्यांच्या नंबरांवर फोन करतात. रिफंडसाठी पिन टाका असे सांगून त्यांच्याच खात्यातले पैसे काढून घेतले जातात. पैसे घेताना पिन लागत नाही, ही गोष्ट प्रत्येक रिफंडच्या पत्रात लिहावी असे मला कळकळीने वाटते. ज्येष्ठ ग्राहकांना तर ती फोनवरही सांगावी.

शुक्रवारी दुपारी पासबुकाचा फोटो आला. खाते क्रमांक आणि आयएफएससी मी लिहून घेतला आणि हिशेबनिसांनी तो फोटोवरून स्वतंत्रपणे पुन्हा ताडून पाहिला, कारण एनईएफटी खाते क्रमांकावर चालते आणि एक अंक चुकला तर पैसे दुसऱ्याच माणसाकडे जाऊ शकतात. शनिवारी 1 रुपया पाठवला. तासाभरात ताईंचा संदेश आला: “एक रुपया मिळाला.” सोमवारी सकाळी हिशेबनिसांनी 3,239 रुपयांचा व्यवहार भरला आणि मालकीणबाईंनी प्रवासातून परत आल्यावर दुपारी तो मंजूर केला. यूटीआर क्रमांक हाती येताच मी तो ताईंना पाठवला, आणि संध्याकाळी त्यांनी रक्कम जमा झाल्याचे कळवले. शेवटी त्यांनी विचारले की तशीच साडी दोष नसलेली मिळेल का. तो माग तेव्हा दुसऱ्या रंगावर चालू होता, त्यामुळे जानेवारीपर्यंत नाही, असे मी त्यांना सांगितले.

बुधवारी, 27 नोव्हेंबरला गेटवेचे लेखी उत्तर आले: खाते बंद असल्याने रक्कम नाकारली गेली आहे आणि ती आमच्या शिलकेत परत जमा करण्यात आली आहे. म्हणजे पैसे दोनदा गेले नव्हते, आणि गेटवेच्या उत्तरासाठी थांबलो असतो तर ताईंना आणखी काही दिवस वाट पाहावी लागली असती. त्या दिवसापासून गेटवेच्या पानावर हा रिफंड ‘फेल्ड’ असा दिसतो. तसा शेरा पाहून दुकानातल्या दुसऱ्या कोणी तो प्रामाणिकपणे पुन्हा सुरू केला असता तर गोंधळ झाला असता, म्हणून त्या ऑर्डरच्या नोंदीत एनईएफटीची तारीख, रक्कम आणि यूटीआर लिहून ‘पुन्हा रिफंड करू नये’ असे ठळक लिहिले. हिशेबात क्रेडिट नोट तीच राहिली. फक्त तिच्यासमोर गेटवेऐवजी बँकेच्या व्यवहाराचा संदर्भ लावला. तक्रारवहीतली नोंद त्यानंतरच बंद केली. रिफंडच्या आपोआप जाणाऱ्या संदेशात आता दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे ती तारीख, सातवा कामकाजाचा दिवस कोणता ती तारीख, आणि ‘पैसे भरलेले खाते बंद केले असल्यास आजच कळवावे’ हे वाक्य घातले आहे.